बोलके ग्राहक गप्प का झाले?



लालबागच्या मसाला बाजारात माझ्या भावोजींचे मिरची-मसाल्याचे जुने दुकान आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या भाच्याने दुकानाचे इन्स्टाग्राम पेज सुरू केले. त्यावर रोज सकाळी एकच गोष्ट येई. फळ्यावर खडूने लिहिलेले भाव (ब्याडगी, संकेश्वरी, काश्मिरी, धणे, खसखस) आणि मागे गादीवर अर्धवट दिसणारे भावोजी. छायाचित्र बहुधा तिरके असे. पण त्याखाली पंचवीस-तीस कॉमेंट हमखास पडत. ‘संकेश्वरी नवी आहे का?’, ‘परळला घरपोच मिळेल का?’ आणि आपल्या भगिनींचा ठरलेला प्रश्न, ‘कांदा-लसूण मसाला कुटता त्याच डंकावर आमचाही कुटणार का?’ भाचा प्रत्येकीला उत्तर देई.

2025च्या जानेवारीत पेजचे काम एका प्रसिद्धी संस्थेकडे सोपवले गेले. फळा गेला, भावोजी गेले. त्यांच्या जागी संगीताच्या तालावर ओतल्या जाणाऱ्या लाल मिरच्यांची रील आली, एकाच रंगसंगतीतील सुबक कार्डे आली आणि मजकूर बहुतांशी इंग्रजीत गेला. एप्रिलमध्ये भाचा माझ्याकडे आला तो गोंधळून. ‘‘मामा, अहवाल म्हणतो पोहोच दुपटीहून अधिक झाली. फॉलोअरही वाढलेत. मग कोणी बोलत का नाही?’’

आयुष्यभर लोकांची खाती तपासली असल्याने मी त्याला आधी आकडे मागितले. मात्र आकडे मांडण्यापूर्वी तुलना कोणत्या दिवसांची करायची, हे ठरवावे लागते. मसाल्याचा हंगाम इंग्रजी महिन्यांवर चालत नाही. 2024मध्ये धुळवड 25 मार्चला होती, 2025मध्ये 14 मार्चला. मार्चशी मार्च ताडून पाहिला असता, तर एका वर्षी हंगामाचा जेमतेम आठवडा आणि दुसऱ्या वर्षी अडीच आठवडे हाती आले असते. म्हणून आम्ही दोन्ही वर्षी धुळवडीपासून महावीर जन्मकल्याणकापर्यंतचे दिवस घेतले. 21 एप्रिल 2024 आणि 10 एप्रिल 2025. दोन्हीकडे बरोबर अठ्ठावीस दिवस, आणि चैत्री ओळीचे बहुतेक दिवसही दोन्हीकडे आत. (गणपतीच्या दिवसांत हीच चूक फार होते. 2024ची गणेश चतुर्थी 7 सप्टेंबरला होती, 2025ची 27 ऑगस्टला. लालबागच्या दुकानदाराने सप्टेंबरशी सप्टेंबर ताडला, तर पेज बुडाले असेच त्याला वाटेल.)

दुसरी खबरदारी मोजमापाच्या नावाची. इन्स्टाग्रामने 2024च्या ऑगस्टपासून Views हा आकडा मुख्य म्हणून पुढे आणला. एकाच माणसाने तीन वेळा पाहिले तर त्यात तीन धरले जातात. पोहोच म्हणजे किती निरनिराळ्या खात्यांनी पाहिले, हा वेगळा हिशेब आहे. गेल्या वर्षीची पोहोच आणि यंदाचे Views शेजारी मांडणे म्हणजे एका वहीतली शिल्लक आणि दुसऱ्या वहीतली उलाढाल ताडणे होय. संस्थेच्या अहवालात सुदैवाने ही गफलत नव्हती. तिसरे असे की, सरासरी न काढता आम्ही सर्व पोस्ट क्रमाने लावून मधल्या पोस्टचा आकडा घेतला. कारण एखादी रील अचानक गावभर फिरली, की ती एकटी सगळी सरासरी वर ओढते. आणि प्रत्येक पोस्टचे आकडे पहिल्या सात दिवसांचेच धरले.

आता आकडे, पूर्णांकात. 2024ची मधली पोस्ट 1,800 जणांपर्यंत गेली. त्यांपैकी 1,500 फॉलोअर होते आणि 300 परके. कॉमेंट 26. 2025ची मधली पोस्ट 4,100 जणांपर्यंत गेली. त्यांपैकी फॉलोअर अवघे 620, उरलेले 3,480 परके. कॉमेंट 4. ही विभागणी पेजच्या Insights या भागात Followers आणि Non-followers अशी सरळ दिसते. अहवालात मात्र फक्त बेरीज होती, आणि बेरीज खरोखरच दुपटीहून अधिक होती.

वाणिज्य शाखेच्या वाचकांना उत्पादनखर्चातील विचरणाची रीत आठवत असेल. तफावत किमतीमुळे किती आणि नगांमुळे किती, हे आपण वेगळे काढतो. इथेही तेच केले. 26वरून 4, म्हणजे 22 कॉमेंट गेल्या. जुन्या काळी 1,500 फॉलोअरांमागे 26 जण बोलत. त्याच प्रमाणात 620 जण बोलले असते, तर सुमारे 11 कॉमेंट आल्या असत्या. म्हणजे 26 ते 11, या 15 कॉमेंट गेल्या त्या लोकांसमोर पोस्ट पोहोचलीच नाही म्हणून. आणि 11 ते 4, या 7 गेल्या त्या पाहूनही कोणी बोलले नाही म्हणून. (दोन्ही वर्षी बोलणारे जवळजवळ सगळे फॉलोअरच होते, हे नावे पाहून आधी पडताळले. तसे नसते तर हा हिशेब चालला नसता.)

भाच्याची समजूत होती की, ग्राहक रुसले. निदान पंधरांच्या बाबतीत तरी ते रुसलेले नव्हते, त्यांना काही दिसलेच नव्हते. याचे कारण इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनी जून 2021मध्ये स्वतःच लिहून ठेवले आहे. तिथे एकच यंत्रणा नाही, प्रत्येक विभागाची निवडीची रीत वेगळी. मुख्य पानावर काय दिसावे, हे ठरवताना त्या खात्याशी तुमचा पूर्वीचा व्यवहार किती, हे पाहिले जाते. रीलच्या विभागात मात्र बहुतांश गोष्टी तुम्ही फॉलो न केलेल्या खात्यांच्याच असतात. फळ्याचे छायाचित्र जुन्या, बोलणाऱ्या ओळखींच्या जोरावर मुख्य पानावर येत होते. रील निघाली ती अनोळखी बाजारपेठेत. शिवाय एकदा बोलणे थांबले की पूर्वीचा व्यवहार शिळा होतो, आणि पुढची पोस्ट आणखी कमी दिसते.

असे मोठ्यांच्याही बाबतीत घडले आहे. 2022च्या जुलैमध्ये इन्स्टाग्रामने स्वतःच आपली शैली बदलून पाहिली. संपूर्ण पडदाभर व्हिडिओ आणि परक्या खात्यांच्या शिफारशी. ओळखीच्यांची छायाचित्रे दिसत नाहीत, अशी ओरड झाली, मोठमोठ्या प्रसिद्ध व्यक्तींनीही ती उचलली. 26 जुलैला मोसेरींनी बदलाचे समर्थन केले आणि दोनच दिवसांनी तो प्रयोग मागे घेत शिफारशीही कमी करू, असे सांगितले. तिथे लोक ओरडले म्हणून कळले. लालबागच्या दुकानासाठी कोण ओरडणार?

राहिले ते सात. पाहूनही न बोलणाऱ्यांत पुन्हा दोन जाती असतात, आणि ही वेगळी ओळखता आली नाही तर सारा तपास फुकट जातो. काहींना बोलायची गरजच उरलेली नसते. नव्या कार्डावर दूरध्वनी क्रमांक, वेळ, घरपोच सेवा, सगळे छापलेले होते. म्हणून ‘परळला मिळेल का?’ हा प्रश्न संपला, आणि ‘भाव काय?’ हा प्रश्न कॉमेंटमधून व्हॉट्सॲपवर गेला. भाच्याच्या व्हॉट्सॲपवरील चौकश्या आठवड्याला चाळीसच्या घरात होत्या, त्या पन्नासच्या आसपास गेल्या होत्या. हे मौन समाधानाचे म्हणता येईल. त्याचे चिन्ह असे, की कॉमेंट घटतात पण पोस्ट जपून ठेवणे, पुढे पाठवणे आणि खासगी संदेश टिकतात किंवा वाढतात.

परंतु त्या पन्नास चौकश्या मी एकेक वाचल्या, तेव्हा एक प्रश्न कुठेच आढळला नाही. डंकाचा. मी भावोजींना वर्षाच्या मसाल्याची वही मागितली. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे दोन वर्षांहून अधिक काळ ग्राहकाने स्वतः व्यवहार केला नाही, तर खाते निष्क्रिय ठरते. बँकेने जमा केलेले व्याज व्यवहार म्हणून धरत नाहीत. फॉलोअरांची संख्या ही अशीच व्याज जमा होऊन फुगलेली शिल्लक. ग्राहकाचा स्वतःचा व्यवहार वहीतच दिसतो. 2024च्या हंगामात सत्तर घरांनी वर्षाचा मसाला कुटून नेला होता. त्यांपैकी यंदा अठ्ठेचाळीस आली होती. बावीस नाहीत. एकूण विक्री घटली नव्हती, कारण परक्यांपैकी काही जण पाव-अर्धा किलोच्या पुड्या नेऊ लागले होते. गल्ल्यावर त्यामुळे काहीच जाणवले नाही.

बावीसपैकी नऊ घरांना भावोजींनी स्वतः दूरध्वनी केले. भाचा म्हणाला होता, ‘‘संदेश पाठवू या.’’ पण असल्या गोष्टी संदेशावर कोणी सांगत नाही. दोघांनी सांगितले की, हल्ली तुमचे काही दिसतच नाही. तिघांनी चक्क विचारले, ‘‘भाई, दुकान विकलेत ना? आम्हाला तसेच वाटले.’’ गादीवरचा माणूस आणि फळ्यावरचे अक्षर एकाच दिवशी नाहीसे झाल्यावर दुसरे काय वाटणार? उरलेली चारही आपली, जैन घरे होती. कार्डावर ‘प्युअर व्हेज’ असे ठळक छापले होते. कांदा-लसूणही व्हेजच असतो. डंक वेगळा आहे का, हे त्यांना हवे होते. पूर्वी दर दोन दिवसांनी कोणीतरी विचारी, भाचा उत्तर देई आणि न विचारणाऱ्या पन्नास जणी ते वाचून निश्चिंत होत. आता प्रश्न विचारायला जागा दिसेना. एका बहिणीने म्हटले, ‘‘इंग्रजीत लिहिलेल्या पाटीखाली असले विचारायला संकोच वाटतो.’’ त्यांनी मसाला दादरहून आणला.

डंक वेगळाच होता, आहे. जैन मसाला सकाळी पहिला, धुतलेल्या डंकावर कुटला जातो. ते सांगणारी एक ओळ नव्या पेजवर कुठेही नव्हती.

संस्थेचा करार मोडावा, असे मी म्हटले नाही. परके ग्राहक रीलनेच आणले आहेत, आणि सोळा-वीस पोस्टच्या आकड्यांवरून याहून ठाम काही बोलताही येत नाही. आठवड्यातून तीन दिवस फळा परत आणायचा, त्यावर भाव मराठीत, मागे भावोजी, आणि खाली भाच्याचे स्वतःचे उत्तर. एवढेच ठरले. पहिल्या फळ्याला तीनच कॉमेंट आल्या. मी त्याला आधीच बजावले होते की, पूर्वीचा व्यवहार शिळा झालेला आहे, तेव्हा आठ-दहा फळे होईपर्यंत आकडा पाहायचा नाही. दहाव्या फळ्याला फॉलोअरांची पोहोच नऊशेच्या पुढे गेली होती आणि कॉमेंट तेरा होत्या. त्यांतली सहावी डंकाची होती.

बावीसपैकी किती घरे परतली, ते पुढच्या धुळवडीनंतर वहीतच दिसेल. वर्षाचा मसाला यंदा त्यांनी दुसरीकडून भरलेला आहे.