भाववाढ कलमाचा हिशेब एका कागदावर मांडा

सरकारी बांधकामाच्या निविदेत ‘भाव फरक’ किंवा ‘भाववाढ’ या नावाचे एक लांबलचक कलम असते. आमच्या जिल्ह्यातील लहान ठेकेदार ते कलम बहुधा वाचत नाहीत, आणि वाचले तरी मुनीमाला समजावून सांगत नाहीत. परिणाम असा होतो की, सळई महागली की ठेकेदार दुकानाची बिले घेऊन कचेरीत जातो, तिथला लिपिक ती बिले परत करतो, आणि हक्काचा पैसा असूनही ‘सरकार भाववाढ देत नाही’ अशी समजूत घेऊन माणूस घरी येतो. सरकार भाववाढ देते, पण दुकानाच्या बिलावर देत नाही, निर्देशांकावर देते. हा एक फरक ज्या मुनीमाला कळला त्याला अर्धे कलम कळले.

सार्वजनिक बांधकाम आणि पाटबंधारे खात्यांच्या मोठ्या कामांत हे कलम ज्या रूपात येते, ते मुनीमाच्या वहीत पुढीलप्रमाणे उतरवून ठेवता येईल:

```
P  = तिमाहीचे काम − (सिमेंट + पोलाद, मूळ दराने)
V1 = 0.75 × P × K1/100 × (L1 − L0)/L0   मजुरी
V2 = 0.75 × P × K2/100 × (M1 − M0)/M0   इतर माल
V3 = 0.75 × P × K3/100 × (P1 − P0)/P0   डिझेल
V5 = S0 × (SI1 − SI0)/SI0 × पोलादाचे टन
V6 = C0 × (CI1 − CI0)/CI0 × सिमेंटचे टन
```

V4 हे डांबराचे असते, ते रस्त्याच्या कामाला लागते, म्हणून इथे घेतलेले नाही. शून्य लावलेली अक्षरे म्हणजे निविदेच्या वेळचा आकडा, एक लावलेली म्हणजे काम झाले त्या तिमाहीचा आकडा. K1, K2, K3 म्हणजे कामात मजुरी, माल आणि डिझेल यांचा वाटा किती टक्के धरला तो. तिघांची बेरीज शंभर होते आणि इमारत, रस्ता, धरण यांसाठी हे वाटे वेगवेगळे असतात. सुरुवातीचा 0.75 हा गुणक प्रत्येक निविदेत तोच असेल असे नाही, काही ठिकाणी 0.85 आढळतो. म्हणून शेजाऱ्याच्या निविदेतून सूत्र उतरवू नये, आपल्याच कागदातून उतरवावे.

आता एक हिशेब करून पाहू. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. तालुक्याच्या ठिकाणी इमारतीचे काम आहे आणि एका तिमाहीत 60 लाखांचे काम मोजमाप पुस्तकात नोंदले गेले. त्यात 100 टन सिमेंट लागले, निविदेतील मूळ दर टनाला 6,000 रुपये, म्हणजे 6 लाख. पोलाद 15 टन, मूळ दर 60,000, म्हणजे 9 लाख. हे 15 लाख वजा केले की P झाला 45 लाख, आणि त्याचे 0.75 म्हणजे 33 लाख 75 हजार. वाटे धरू मजुरी 30, माल 60, डिझेल 10. मजुरीचा निर्देशांक 120 वरून 132 झाला, म्हणजे दहा टक्के चढला, तर मजुरीचा फरक येतो 1,01,250 रुपये. मालाचा निर्देशांक चार टक्के चढला तर 81,000. डिझेल पाच टक्के चढले तर 16,875. पोलादाचा निर्देशांक दहा टक्के चढला, तर 15 टनांवर 90,000. सिमेंटचा निर्देशांक मात्र चार टक्के उतरला, म्हणून 24,000 वजा. एकूण 2,65,125 रुपये.

यात सिमेंटचे 24 हजार कापले गेले ते पाहून काही ठेकेदार भांडायला उठतात. ते भांडण फुकट आहे. हे कलम दोन्ही बाजूंनी चालते, भाव उतरले तर खाते वसुली करते. दुकानदाराने तुम्हाला सिमेंट चढ्या भावाने दिले असले तरी निर्देशांक उतरला असेल तर वसुलीच होणार. उलट तुम्ही सळई आधीच स्वस्तात भरून ठेवली असेल तरी निर्देशांकाप्रमाणे फरक तुमचाच. खरेदीत हुशार असलेल्या व्यापाऱ्याला हे कलम मारक नाही.

सर्वात मोठी चूक शून्याच्या आकड्यात होते. पुष्कळ मुनीम कार्यारंभ आदेशाच्या दिवसापासून हिशेब धरतात. कलम मात्र सामान्यतः असे सांगते की, निविदा स्वीकारण्याची शेवटची तारीख ज्या महिन्यात पडते, त्याच्या आधीच्या तिमाहीची सरासरी हा मूळ आकडा. निविदा उघडून आदेश हातात पडेपर्यंत आमच्याकडे सहा-आठ महिने सहज जातात. त्या महिन्यांतली महागाई ठेकेदाराच्या बाजूने मोजली जाते, ती आदेशाची तारीख धरून आपल्याच हाताने सोडून देऊ नये. ‘आधीची तिमाही’ म्हणजे लगतचे तीन महिने की जानेवारी-मार्च अशी ठरलेली तिमाही, हे पहिल्या बिलापूर्वीच कचेरीकडून लेखी घ्यावे.

दुसरी चूक पाया बदलण्याची. मजुरीसाठी औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक धरतात, तो केंद्राचे श्रम ब्युरो दर महिन्याला काढते. धाराशिवचा स्वतंत्र निर्देशांक निघत नाही, त्या यादीतले आपल्याला सर्वात जवळचे केंद्र सोलापूर. निविदेत कोणते केंद्र लिहिले आहे ते मात्र वाचूनच ठरवावे. या निर्देशांकाचा पाया आधी 2001 होता, सप्टेंबर 2020 पासून 2016 झाला. ऑगस्ट 2020 चा अखिल भारतीय आकडा 338 होता आणि पुढच्याच महिन्याचा 118.1. भाव कोसळले नव्हते, मोजपट्टी बदलली होती. दोन पट्ट्या जोडणारा गुणक 2.88, म्हणजे 118.1 गुणिले 2.88 केले की 340.1 येतात. वरच्याच कामात मूळ आकडा 338 धरून पुढे 118.1 सरळ ठेवला, तर मजुरीवर साडेसहा लाखांहून अधिक वसुली निघते. गुणक लावला तर सुमारे 6,375 रुपये मिळतात. हा गुणक अखिल भारतीय आकड्याचा आहे, प्रत्येक केंद्राचा स्वतःचा वेगळा असतो, तोच वापरावा. घाऊक किंमत निर्देशांकाचा पायाही मे 2017 मध्ये 2004-05 वरून 2011-12 झाला, तिथे सर्व वस्तूंचा जोडगुणक 1.561 आहे. जुन्या, रखडलेल्या कामांचे अंतिम बिल करताना हे दोन्ही लागतात. ओळखण्याची खूण सोपी आहे. एका तिमाहीत फरक एकदम निम्म्याहून अधिक चढला वा उतरला दिसला, तर बाजार पाहू नका, पाया पाहा.

P मध्ये काय धरायचे नाही, हेही कागदावर लिहिलेले असावे. निविदेबाहेरच्या जादा बाबी आणि ठरलेल्या मर्यादेपलीकडचे वाढीव परिमाण यांचे दर वेगळ्या कलमाने, त्या वेळच्या भावाने ठरतात, म्हणून त्यांवर पुन्हा भाव फरक बहुधा मिळत नाही. ते P मध्ये घातले तर लेखापरीक्षणात निघते आणि सुरक्षा ठेवीतून कापले जाते. करातला बदलही या सूत्रात येत नाही. सरकारी बांधकाम ठेक्यावरचा वस्तू व सेवा कर जुलै 2022 मध्ये 12 वरून 18 टक्के झाला, तेव्हा अनेकांनी तो फरक या सूत्रात शोधला. तो वेगळा मागायचा असतो.

सर्वच कामांना हे कलम असते असेही नाही. केंद्र सरकारच्या 2017 च्या सामान्य वित्तीय नियमांत अठरा महिन्यांपर्यंतच्या करारांसाठी दर पक्के ठेवावेत असे सर्वसाधारण धोरण आहे. राज्याच्या आणि जिल्हा परिषदेच्या लहान कामांतही बहुधा भाव फरक नसतो. तिथे दर भरतानाच वर्षभराच्या महागाईची गोळाबेरीज दरात घालावी लागते. ‘नंतर मागू’ म्हणून कमी दराने काम उचलणे म्हणजे स्वतःच्या भांडवलातून सरकारी इमारत बांधणे होय.

आता जे आम्हाला या पानावर मुद्दाम मांडायचे आहे ते. आमच्या वाचकांत मुख्य ठेकेदार थोडे आणि त्यांच्या हाताखाली गवंडीकाम, सेंटरिंग, सळई बांधणे, दारे-खिडक्यांचे फॅब्रिकेशन करणारे अधिक. मिस्त्री दोन वर्षांच्या कामाचा दर एकदाच तोंडी ठरवतो. मुख्य ठेकेदाराला दर तिमाहीला V1 मिळतो, आणि तो मजुरी महागली म्हणूनच मिळतो. पण मजुरांना वाढीव हजेरी देणाऱ्या मिस्त्रीच्या हातात त्यातला पैसा येत नाही. खात्याशी मिस्त्रीचा करार नाही, म्हणून कचेरीत त्याची दाद लागत नाही. त्याचा हक्क जर कुठे उभा राहील, तर तो ठेकेदाराशी केलेल्या लेखी चिठ्ठीतच. त्या चिठ्ठीत एवढे वाक्य पुरे: ‘मुख्य कामावर मजुरीचा भाव फरक ज्या निर्देशांकाने मिळेल, त्याच टक्केवारीचे 0.75 माझ्या त्या तिमाहीच्या बिलावर मिळेल, आणि उतरल्यास कापले जाईल.’ वरच्या उदाहरणात मजुरी दहा टक्के चढली, म्हणजे मिस्त्रीला साडेसात टक्के. त्याचे तिमाहीचे बिल दोन लाखांचे असेल तर 15,000 रुपये. ठेकेदाराच्या खिशातून यात काही जात नाही, जे त्याला मजुरीच्या नावाने आले त्यातलेच जाते. त्यामुळे भला ठेकेदार याला नाही म्हणणार नाही, आणि जो नाही म्हणेल त्याचा दर सुरुवातीलाच वाढवून मागावा.

राहिली मुदतवाढ. उशीर खात्यामुळे झाला, म्हणजे जागा मिळाली नाही, नकाशे आले नाहीत, तर वाढीव काळातही भाव फरक चालू राहतो. उशीर ठेकेदाराचा ठरला तर वाढीव काळातली महागाई त्याच्याच अंगावर पडते. पी. एम. पॉल यांच्या खटल्यात 1989 साली सर्वोच्च न्यायालयाने लवादाने दिलेली भाववाढ कायम केली, ती काम लांबले आणि त्याची जबाबदारी कोणाची हे पाहूनच. म्हणून मुनीमाच्या त्या कागदाच्या मागच्या बाजूला अडथळ्यांच्या तारखा लिहाव्यात: काम कोणत्या दिवशी थांबले, का थांबले, कोणत्या पत्राने कळवले, पोच केव्हा मिळाली. मुदतवाढीचा अर्ज मुदत संपण्यापूर्वी द्यावा आणि मंजुरीच्या पत्रात उशिराचे कारण काय लिहिले आहे, ते बिल करण्याआधी वाचावे.