‘जी’ला हाकलण्यापूर्वी

मराठीच्या प्राध्यापकांच्या खोलीत हमखास पेटणारा एक विषय म्हणजे ‘जी’. विद्यार्थी पाहुण्यांना प्रथमच भेटतात आणि थेट आडनावाला ‘जी’ जोडून नमस्कार करतात. मग आम्ही मंडळी हिंदीच्या आक्रमणावर बोलू लागतो. आजवर या तक्रारीत आम्हीही सूर मिसळत आलो. आता मात्र आमचे मत असे झाले आहे की, तक्रार व्याकरणाच्या अंगाने खरी असली तरी ती करण्याचा अधिकार आम्ही अजून कमावलेला नाही.

आधी तक्रारीतील खरे-खोटे वेगळे करू. ‘जी’ हा मराठीत उपरा नाही. तेराव्या शतकातील ‘ज्ञानेश्वरी’त अर्जुन श्रीकृष्णाला ‘जी’ म्हणूनच विनवतो. शिवाजी, महादजी ही नावे, मामंजी, भावोजी ही नाती आणि गुरुजी, भटजी हे व्यवसाय त्याच ‘जी’ने सिद्ध झाले आहेत. नवे आहे ते त्याचे स्थान. मराठीत ‘जी’ नावाच्या, नात्याच्या किंवा कामाच्या अंगात मुरला आणि तिथेच थांबला. वाटेल त्या आडनावाला तो ऐनवेळी चिकटवण्याची रीत हिंदीची आहे. शिवाय मराठीला तिची गरजही नाही. ‘देशमुख यांनी सांगितले’ या वाक्यातला सगळा आदर ‘यांनी’ने वाहिला आहे. ‘देशमुखजी यांनी’ म्हणणे म्हणजे एकाच माणसाला दोनदा हार घालणे होय.

एवढे बरोबर आहे. पण विद्यार्थी ‘जी’कडे का वळतात, हा प्रश्न आम्ही कधी विचारला नव्हता. त्याचे उत्तर आम्हांला आमच्याच विभागाच्या एका चर्चासत्रात मिळाले.

विषय लोककलेचा होता आणि पाहुणे दोन होते. एक निवृत्त प्राध्यापक, वय पासष्टच्या आसपास. दुसरे आयुष्यभर तमाशात ढोलकी वाजवलेले कलावंत, पंचाहत्तरी ओलांडलेले. स्वागत करणाऱ्या विद्यार्थिनीने दोघांनाही आडनावापुढे ‘जी’ लावून नमस्कार केला. दुपारी आमच्यातील एका सहकाऱ्याने तिला खोलीत बोलावून चांगलेच सुनावले. तिने शांतपणे आमचीच छापील पत्रिका पुढे केली आणि म्हणाली, “सर, एकांना ‘सर’ म्हणायचं हे सगळ्यांना माहीत होतं. दुसऱ्यांना काय म्हणायचं, ते कुणीच सांगितलं नाही. ‘जी’ दोघांनाही चाललं.”

पत्रिका आम्हीच लिहिली होती. तीत प्राध्यापकांच्या नावापुढे ‘सर’ होते आणि त्यांच्याविषयीचे वाक्य ‘यांनी संशोधन केले आहे’ असे होते. ढोलकीवादकांच्या नावापुढे काहीच नव्हते आणि वाक्य होते, ‘हा कलावंत लहानपणापासून फडावर वाढला’. दहा वर्षांनी मोठा असलेला माणूस आमच्या लेखणीतून एकवचनात उतरला होता. तीन मराठीच्या अध्यापकांनी मुद्रिते तपासली आणि एकालाही ते खटकले नाही. कारण आमच्या कानाला ते ‘शुद्ध’ वाटले.

ही शुद्धता कुठून येते? मराठीचे आदरवाचक शब्द म्हणजे एक चढती शिडी होती आणि तिच्या पायऱ्या जन्माने वाटलेल्या होत्या. ‘पंत’ कोणाला लागायचा, हे सांगावे लागत नसे. ‘राव’ प्रतिष्ठितांचा. पत्रांच्या मायन्यांत विद्वान ब्राह्मणाला ‘वेदशास्त्रसंपन्न’, इतर प्रतिष्ठितांना ‘राजमान्य राजश्री’. स्त्रीचा मायना तिचा नवरा हयात आहे की नाही यावर ठरे, म्हणून ‘सौ.’ नाहीतर ‘गं. भा.’. १८१८ सालच्या कोरेगावच्या लढाईच्या स्मृतिस्तंभावर महार सैनिकांची नावे कोरलेली आहेत. त्यांच्या शेवटी ‘राव’ नाही, ‘पंत’ नाही, ‘नाक’ आहे. नाव ऐकले की पायरी कळावी, अशीच ती व्यवस्था होती.

‘साहेब’ने या शिडीत थोडी उलथापालथ केली, हे मान्य केले पाहिजे. अरबी-फारसीतून आलेला हा शब्द जातीला नव्हे, सत्तेला चिकटला. म्हणून गावात ग्रामसेवक ‘भाऊसाहेब’ होतो. डॉ. आंबेडकरांना लोकांनी ‘बाबासाहेब’ म्हटले, तेव्हा तर नात्याचा शब्द आणि सत्तेचा शब्द एकत्र आणून त्यांनी जन्माने नाकारलेला मान स्वतःच बहाल केला. परंतु एरवी ‘साहेब’ खुर्चीचा असतो. खुर्ची गेली की बहुधा तोही जातो, आणि ज्याला खुर्ची कधी नव्हतीच, त्या ढोलकीवादकाला तो लागत नाही.

उरले आडनाव. बरोबरीच्यांत ‘काय कुलकर्णी’ चालते. वडीलधाऱ्यांना ते उद्धट वाटते, म्हणून आपण ‘कुलकर्णी सर’ म्हणतो. पण पहिल्या भेटीत त्यासाठी आडनाव विचारावे लागते, आणि महाराष्ट्रात आडनाव विचारणे हा निरागस प्रश्न नाही. उत्तर मिळताच विचारणाऱ्याच्या आवाजात होणारा बारीकसा बदल ज्यांनी ऐकला आहे, त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही.

आता त्या विद्यार्थिनीचा ‘जी’ पाहा. तो लावायला जात कळावी लागत नाही, हुद्दा लागत नाही, वैवाहिक स्थिती लागत नाही. तो सगळ्यांना सारखा लागतो. मराठीने तिला जे दिले नाही, ते तिने शेजारच्या भाषेतून उसने आणले. उसनवारीबद्दल तिला बोल लावणारे आम्ही स्वतः मात्र घरातली तिजोरी कुलूपबंद करून बसलो होतो.

कारण तिजोरी आहे. मराठीचा खरा आदर प्रत्ययात नाही, क्रियापदात आहे. ‘अहो’, ‘तुम्ही’, ‘आलात’, ‘यांनी’ यांतल्या एकालाही आडनाव लागत नाही. अडचण अशी की, तो आम्ही माणूस पाहून वाटतो. ‘प्राचार्य आले’ आणि ‘शिपाई आला’ ही दोन वाक्ये आम्ही एका दमात उच्चारतो. शिपाई वयाने मोठा असला तरी. तोंडावर ‘मामा’ म्हणतो आणि पाठ फिरली की ‘तो कुठे गेला?’ असे विचारतो. आदराची परीक्षा हाकेत होत नाही. माणूस समोर नसताना वापरलेल्या क्रियापदात होते.

म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे. पहिल्या भेटीत पूर्ण नाव घेऊन नमस्कार करावा, पुढे ‘तुम्ही’ म्हणावे आणि नेमके संबोधन माहीत नसेल तर “आपल्याला काय म्हणू?” असे विचारावे. त्या दिवशी संध्याकाळी आम्ही ढोलकीवादकांना तेच विचारले. ते म्हणाले, “फडात मला मास्तर म्हणतात.” दोन दिवसांच्या पत्रिकेसाठी आम्ही त्यांची माहिती तीनदा फोन करून घेतली होती. हा एक प्रश्न तेवढा विचारला नव्हता.

एका व्यासपीठावरील सर्वांना एकच क्रियापद मिळू लागेल, त्या दिवशी आम्ही ‘जी’विरुद्ध पुन्हा लेखणी उचलू. बहुधा तोवर तो आपणहून निघून गेलेला असेल.