पहिली ओळ कुणाची?

दिवाळी जवळ आली की माझ्याकडे फराळाआधी निबंध येतात, हे या सदराच्या जुन्या वाचकांना ठाऊक आहे. अमेरिकेतल्या कॉलेजांचे लवकरच्या फेरीचे अर्ज बहुतेक ठिकाणी १ नोव्हेंबरला बंद होतात, त्यामुळे सोसायटीतली, नात्यातली, ओळखीच्यांच्या ओळखीतली बारावीची मुलं छापील पानं घेऊन येतात आणि मी पेन्सिल घेऊन बसते. या आठवड्यात आलेल्या निबंधांची सुरुवात बघून मात्र मी खरोखर वैतागले. एकात गांधीजी, दुसऱ्यात आइन्स्टाइन, तिसऱ्यात कलामांच्या नावावर फिरणारं स्वप्नांचं ते वाक्य, चौथ्यात पुन्हा गांधीजी. मुलं वेगळी, घरं वेगळी, ज्या विषयांना जायचं तेही वेगळे. पण पहिली ओळ वाचून कोणतं पान कुणाचं हे सांगता येत नव्हतं.

ज्यांच्या घरात सध्या हे चालू नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेतली शेकडो कॉलेजं ‘कॉमन ॲप’ या सामायिक अर्जातून प्रवेश देतात. त्यात गुण आणि शिफारसपत्रांबरोबर एक वैयक्तिक निबंध असतो, किमान २५० आणि जास्तीत जास्त ६५० शब्दांचा. विषय सात दिलेले असतात आणि त्यांतला शेवटचा म्हणजे तुम्हाला हवा तो. शीर्षकासाठी वेगळी चौकट नसते. शीर्षक दिलंच तर ते निबंधाच्याच चौकटीत टाकावं लागतं आणि त्याचे शब्द ६५० मध्ये धरले जातात.

आता अवतरणाचं. अवतरणाने सुरुवात केली की लेखन भारदस्त होतं, ही समजूत मुलांनी अमेरिकेतून आणलेली नाही, ती आपण त्यांना दिली आहे. आपल्या शाळांत निबंध म्हटलं की वर एक सुभाषित, नाहीतर संतवचन, नाहीतर नेत्याचं वाक्य हवंच. गाइडात तशीच नमुन्याची सुरुवात असते. दहा वर्षं मुलगी हे गिरवते, त्यावर शाबासकी मिळवते आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणी तिला ‘तुझ्याबद्दल सांग’ म्हटलं की सवयीने दुसऱ्या कुणाला तरी पुढे करते. मला राग मुलांचा येत नाही, या सवयीचा येतो.

कुणी म्हणेल, कीर्तनकारही आधी अभंग घेतोच की. घेतो, पण पुढे काय करतो ते बघा. वारकरी कीर्तनात एका अभंगावर दोन तास निरूपण चालतं. त्यातला एकेक चरण सोडवला जातो, त्याला प्रमाणं दिली जातात आणि बुवा कितीही दूर गेले तरी पुन्हा त्या अभंगापाशी येतात. अभंग हाच तिथला विषय असतो. साडेसहाशे शब्दांच्या अर्जात विषय अर्जदार असतो आणि वर घेतलेल्या वाक्याकडे परत यायला जागाच उरत नाही. बहुतेक निबंधांत दुसऱ्या परिच्छेदानंतर ते वाक्य जे नाहीसं होतं ते पुन्हा दिसत नाही. अवतरण फुकट गेलं हे ओळखायची ही सोपी खूण आहे: ते खोडून निबंध वाचा. पुढचं एकही वाक्य अडखळलं नाही, तर ते तिथे नकोच होतं.

दुसरी अडचण खरेपणाची आहे आणि ती मला जास्त खुपते. जगात हवा तो बदल आधी स्वतः व्हा, या अर्थाचं जे वाक्य गांधीजींच्या नावावर जगभर छापलं जातं, ते त्या शब्दांत त्यांच्या लेखनात सापडत नाही. त्याच्या जवळ जाणारा मजकूर आहे, तो १९१३ साली ‘इंडियन ओपिनियन’मध्ये आरोग्यावर चाललेल्या त्यांच्या लेखमालेतला. तोही कुठे, तर सर्पदंशावरच्या लेखात! माणूस स्वतः बदलला तर जगाची त्याच्याशी वागण्याची रीतही बदलते, असा विचार गांधीजी तिथे सापांच्या संदर्भात मांडतात. केवढी विलक्षण जागा आहे ती. ज्या मुलाने हा लेख शोधून वाचला आणि सापांबद्दल त्याला काही म्हणायचं आहे, त्याने खुशाल गांधीजींपासून सुरुवात करावी. पण भिंतीवरच्या पोस्टरवरून उचललेल्या वाक्याबाबत लिहिणाऱ्याचा आणि वाक्याचा संबंध फक्त नकलेपुरता असतो. आइन्स्टाइनच्या नावावरचं माशाचं आणि झाडाचं वाक्यही त्यांनी कुठे लिहिल्याचा पुरावा नाही. विज्ञान शिकायला निघालेल्या मुलाने पहिल्याच ओळीत न तपासलेली गोष्ट मांडावी, हे मला अजिबात पटत नाही.

आणि शंभर जणांनी एकच सुरुवात केली तर काय होतं, याचं उदाहरण इंग्लंडमध्ये घडलेलं आहे. तिथले विद्यापीठांचे अर्ज ‘युकास’ या संस्थेमार्फत जातात. २००७ मध्ये त्यांनी अर्जातली निवेदनं संगणकावर ताडून पाहिली. तेव्हा तब्बल २३४ मुलांनी आपली विज्ञानाची आवड आठव्या वर्षी रसायनांच्या खेळात पायजम्याला भोक पडलं तिथून सुरू झाल्याचं लिहिलेलं सापडलं. इंटरनेटवरच्या एका नमुन्यातला तो पायजमा होता. अवतरण म्हणजे चोरी नव्हे, हे मान्य. पण वाचणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर परिणाम तोच, कारण ही ओळ आपण आधी वाचलेली आहे असं त्याला वाटतं, आणि मग तो पुढचं भराभर वाचतो.

या आठवड्यातला जो निबंध माझ्या मनात राहिला तो तासगावकडच्या एका मुलीचा. तिच्या मामाची बेदाण्याची शेड आहे. निबंधाच्या डोक्यावर शीर्षक होतं, ‘स्वप्नांचा प्रवास’ या अर्थाचं. खाली कलामांच्या नावावरचं वाक्य, मग ते वाक्य तिला किती प्रेरणा देतं याचा परिच्छेद. मी पेन्सिलीने शब्द मोजले, शीर्षकासकट ९६ झाले. साडेसहाशेतला जवळजवळ सातवा हिस्सा संपला तरी मुलगी अजून खोलीत आलेलीच नव्हती. ती आली तिसऱ्या परिच्छेदात, आणि काय आली! द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून शेडमधल्या जाळ्यांवर पसरतात, पंधरवडाभर सावलीत वाळवतात, आणि तेवढ्यात ढग आले की अख्ख्या घराचा जीव खालीवर होतो. माल काळा पडला की भाव कोसळतो. या मुलीने गेल्या हंगामात प्रत्येक कप्प्यात आर्द्रता मोजायचं स्वस्तातलं यंत्र टांगलं आणि सकाळ-संध्याकाळ वहीत आकडे लिहिले. मधल्या कप्प्यांतली हवा बाहेर ऊन पडल्यावरही बराच वेळ दमट राहते, हे तिच्या लक्षात आलं. मामांना ते अनुभवाने माहीत होतं, पण किती वेळ ते माहीत नव्हतं. तिला आता हवेच्या वहनाचं शास्त्र शिकायचं आहे.

मी तिला म्हणाले, “हे पहिले दोन परिच्छेद काढ.”

ती म्हणाली, “काकू, मग सुरुवात एकदम शेडमध्येच होईल. वाचणाऱ्याला बेदाण्याची शेड म्हणजे काय ते कळेल का?”

प्रश्न रास्त होता. त्यावर आम्ही बराच वेळ बसलो. तिसऱ्या परिच्छेदातलं पहिलं वाक्य शेडची माहिती देणारं होतं, त्याने सुरुवात केली असती तर ते कृषी खात्याचं पत्रक वाटलं असतं. चौथ्या परिच्छेदात मात्र एक वाक्य दबून बसलं होतं: फेब्रुवारीत आभाळ भरून आलं की मामा चहा बाजूला ठेवतात आणि शेडच्या कडेचे पडदे सोडायला धावतात. ते वर आणलं. त्यात माणूस आहे, महिना आहे, धोका आहे, आणि पडदे कशासाठी हे विचारावंसं वाटतं. उत्तरादाखल शेडची माहिती दुसऱ्या वाक्यात आपोआप बसली. वाचलेल्या शब्दांत तिने वहीतली एका दिवसाची नोंद घातली, कोणत्या कप्प्यात किती आर्द्रता होती ती. मूळ मसुद्यात तिला त्यासाठी जागाच मिळाली नव्हती.

अवतरणाला माझा सरसकट विरोध आहे असं मात्र कुणी समजू नये. प्रश्नच तसा असेल तर ते द्यायलाच हवं. काही वर्षांपूर्वीपर्यंत प्रिन्स्टनच्या पुरवणी निबंधात एक पर्याय असा होता की अलीकडे वाचलेल्या पुस्तकातलं आवडतं वाक्य, पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव वर लिहा आणि तिथून स्वतःच्या अनुभवाकडे या. तिथे अवतरण टाळणारा चुकला. दुसरी जागा म्हणजे, वाक्य बोलणारं माणूस निबंधातलंच असेल तेव्हा. “पडदे सोडले की वारा कोंडतो,” असं मामा म्हणत आणि मुलीचे आकडे त्यावर काही सांगत असतील, तर मामांचं वाक्य पहिल्या ओळीत शोभेल. ते जगात दुसऱ्या कुणाच्या अर्जात असणार नाही. तिसरी जागा भांडणाची: थोरामोठ्यांचं एखादं वाक्य तुम्हाला पटत नाही आणि निबंधभर तुम्ही त्याच्याशी वाद घालणार आहात. पण मग वाद शेवटपर्यंत घालायला हवा.

शीर्षकाबद्दल घराघरांत माझ्या मते उगाच जास्त खल होतो. कॉमन ॲपमध्ये ते मागितलेलं नाही, तर देऊ नये. ‘स्वप्नांचा प्रवास’ने तिथे शब्द तेवढे खाल्ले असते. पुढे एमएस किंवा पीएचडीसाठी उद्देशपत्र लिहिताना दस्तऐवजाचं नाव आणि आपलं नाव एवढं वर असलं की पुरे. मात्र याच मुलीला एका शिष्यवृत्तीच्या अर्जात शीर्षकाची वेगळी चौकट आहे, ती रिकामी ठेवता येत नाही. म्हणून निबंध पक्का झाल्यावर मी तिला एक काम दिलं: निबंधातल्या हाताला लागतील अशा वस्तूंची नावं वेगळ्या कागदावर लिही. पडदे, जाळी, वही, मधला कप्पा, द्रावण, चहा. ‘प्रवास’, ‘संघर्ष’, ‘जिद्द’ असले शब्द त्या कागदावर येऊच शकत नाहीत, कारण ते हाताला लागत नाहीत.

‘चहा’ गोड वाटलं, पण निबंध चहाबद्दल नाही. ‘पडदे’ने पहिलं वाक्य आधीच फुटलं असतं, शीर्षकात जे सांगितलं त्याचं कुतूहल पहिल्या ओळीत उरत नाही. ‘द्रावण’ रसायनशास्त्राकडे नेतं आणि तिला तिकडे जायचं नाही. ‘मधला कप्पा’ वाचताना आधी अर्थ लागत नाही, निबंधाच्या मध्यावर लागतो, आणि तिने स्वतः शोधलेली गोष्ट नेमकी तिथेच आहे. तिला त्यापुढे अपूर्णविराम देऊन एक उपशीर्षक जोडायचं होतं, बेदाणा, आर्द्रता आणि मी, असं काहीसं. संशोधन प्रस्ताव असता तर मीच पीक, गाव आणि प्रश्न शीर्षकात घाल म्हणाले असते, कारण तिथे परीक्षकाला शीर्षकावरूनच ठरवायचं असतं की हे आपल्या विषयातलं आहे की नाही. इथे ‘मधला कप्पा’ एवढंच ठेवलं. मामांना ते तितकंसं आवडलेलं नाही. त्यांच्या मते शीर्षकात तासगाव यायला हवं होतं आणि त्यावर त्यांचा आणि भाचीचा वाद अजून चालू आहे.