निरोपाच्या पंगतीत सगळे सारखे

सेवानिवृत्तीच्या समारंभात कोण किती बोलणार, हे बहुधा खुर्चीवरून ठरते. मुख्याध्यापक बोलतात, पाहुणे बोलतात, संघटनेचे पदाधिकारी बोलतात. ज्या शिपाईमामांनी वर्षानुवर्षे बाईंच्या हाती वर्गाची किल्ली दिली, ते तेव्हा मागे चहाचे कप भरत असतात. म्हणून सगळ्या सहकाऱ्यांचे आवाज गोळा करून बाईंना एक ऑडिओ कार्ड देण्याची हल्लीची पद्धत मला मनापासून आवडते. पण आवाज नुसते एकामागून एक जोडले, तर तिथेही मोठ्या आवाजाचा माणूसच पुढे बसतो. अशा कार्डात पंगतीसारखे सगळे एकाच रांगेत बसायला हवेत, असे माझे मत आहे.

मुंबई महापालिका आठ माध्यमांतून शाळा चालवते. अनेक इमारतींत दोन-तीन माध्यमे एकत्र नांदतात. परळ-लालबागकडच्या आमच्या इमारतीत मराठी आणि उर्दू शाळेचा जिना एक, पण स्टाफरूम वेगळ्या. गेल्या मार्चअखेर मराठी माध्यमाच्या, गिरगावहून येणाऱ्या एक बाई निवृत्त झाल्या आणि कार्ड करायचे काम माझ्याकडे आले. दोन्ही स्टाफरूम मिळून आम्ही तेवीस जण होतो.

अट्ठावन्न वर्षे पूर्ण होण्याची तारीख आधीच ठाऊक असते, त्यामुळे घाई करायचे कारण नाही. पंधरा दिवस आधी मी सगळ्यांना निरोप पाठवला. त्यात ‘शुभेच्छा द्या’ असे मुद्दाम लिहिले नाही. शुभेच्छा मागितल्या की तेवीस वेळा ‘पुढील आयुष्य सुखाचे जावो’ येते, आणि चौथ्यानंतर ऐकणारा माणूस मनाने उठून जातो. मी लिहिले, ‘आधी आपले नाव सांगा, मग बाईंनी तुमच्यासाठी केलेली किंवा तुम्हाला सांगितलेली एकच गोष्ट सांगा. अर्धा मिनिट.’ अर्ध्या मिनिटात साधारण साठ-सत्तर शब्द होतात, एका आठवणीला तेवढे पुरतात. तेवीस जणांचे मिळून, मधले विराम धरून, बारा मिनिटे झाली. त्याहून लांब कार्ड लोक एका बैठकीत ऐकत नाहीत.

नाव आधी सांगायला लावण्यामागे आणखी एक कारण आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरची फाइल `PTT-20250312-WA0007.opus` अशा नावाने साठते. त्यात तारीख आणि क्रमांक असतो, बोलणाऱ्याचे नाव नसते. आठवड्याने वीस फाइली समोर आल्या की कोणती कोणाची ते कळत नाही. आली की लगेच तिला माणसाचे नाव द्यावे.

ध्वनिमुद्रण कुठे करावे, हेही सांगावे लागते. रिकामा वर्ग शांत वाटतो, पण उघड्या भिंती आवाज परत फेकतात आणि तो घुमटात बोलल्यासारखा येतो. हा घुमारा नंतर नीट काढता येत नाही. त्यापेक्षा चाळीतली गाद्या-कपड्यांनी भरलेली खोली कितीतरी चांगली, कारण कापड आवाज पिऊन टाकते. मिनिटभर पंखा बंद करावा आणि फोन तोंडापासून वीतभर लांब धरावा. फार जवळ धरला तर आवाज फाटतो. ऑडॅसिटीत तो उघडला की लाटांची टोके कापल्यासारखी सपाट दिसतात. फाटलेला आवाज कमी केला तरी फाटकाच राहतो. अशांना सरळ पुन्हा बोलायला सांगावे.

आता मुख्य काम. ऑडॅसिटी हे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर या कामाला पुरते. `.opus` फाइल त्यात उघडली नाही, तर आधी ती WAV मध्ये बदलून घ्यावी. आवाज एका पातळीवर आणायला त्यात दोन साधने आहेत आणि नावे सारखी असल्यामुळे लोक फसतात. `Normalize` हे लाटेचे सर्वांत उंच टोक मोजते. `Loudness Normalization` हे आवाज कानाला एकूण किती मोठा वाटतो ते मोजते. आपल्याला दुसरे हवे.

आमच्या कार्डातलेच उदाहरण घ्या. पीटीच्या सरांचा आवाज मैदानावर घडलेला, तो मोजला तर उणे 12 LUFS. शिपाईमामा संकोचत, हळू बोलले होते, त्यांचा उणे 30. दोघांत 18 डेसिबलचे अंतर. दहा डेसिबलचा फरक कानाला साधारण दुप्पट वाटतो, म्हणजे सरांनंतर मामा ऐकूच येणार नाहीत. त्यात मामा मध्येच खोकले होते आणि त्या खोकल्याचे टोक जवळजवळ वरच्या मर्यादेला, उणे 3 डेसिबलला टेकले होते. `Normalize` लावले असते तर यंत्राने खोकला पाहून ‘हा तर पुरेसा मोठा आहे’ असे ठरवले असते आणि मामांना दोन डेसिबल देऊन सोडून दिले असते. म्हणून मी आधी खोकला निवडून तेवढाच खाली आणला. मग प्रत्येक तुकडा वेगवेगळा निवडून `Loudness Normalization` ने उणे 18 वर नेला. मामा 12 वर चढले, सर 6 खाली आले. सगळे तुकडे जोडून एकदमच हे साधन चालवले तर आतले चढउतार जसेच्या तसे राहतात, हे ध्यानात ठेवा.

याची किंमतही आहे. मामांबरोबर त्यांच्या खोलीतला पंखाही 12 डेसिबलने चढला. बोलण्याआधीचा एखाद्या सेकंदाचा शांत भाग निवडून `Noise Reduction` ला नमुना म्हणून दिला की घरघर कमी होते. पण सहा ते बारा डेसिबलवर थांबावे. हाव धरली तर माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा वाटतो. मामांच्या तुकड्यात मी थोडा पंखा राहू दिला.

क्रम लावताना एका सहकाऱ्याने सुचवले, ‘उर्दूवाले सगळे शेवटी एकत्र टाका, बरे दिसेल.’ सूचनेत वाईट हेतू नव्हता, पण मी ऐकले नाही. हुद्द्याने लावले नाही, तसे माध्यमानेही लावले नाही. बाईंच्या आयुष्यात जो ज्या वर्षी आला, त्या क्रमाने लावले. त्यामुळे एका मराठी सरांच्या ‘नमस्कार बाई’नंतर आमच्या एका बाजींचा ‘अस्सलामु अलैकुम बाई’ आपसूक आला. उर्दू बोलण्याचे मराठी भाषांतर कोणी वाचून दाखवावे, हेही मी टाळले. बाईंनी ती भाषा जिन्यात इतकी वर्षे ऐकली होती. दोन आवाजांमध्ये सेकंदभराचा विराम ठेवला आणि पार्श्वसंगीत अजिबात घातले नाही. बासरी वाजू लागली की हळू बोलणारा पहिला बुडतो, आणि ज्याच्यासाठी एवढी खटपट केली तोच हरवतो.

शेवटी कार्ड फोनच्या साध्या स्पीकरवर ऐकून पाहावे, कारण बाई तसेच ऐकणार. आमची बारा मिनिटांची फाइल मोनो, 64 केबीपीएस एमपी3मध्ये सहा एमबीच्या आत बसली. ती व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवली आणि पेनड्राइव्हवरही दिली. छापील कार्डावर नुसता क्यूआर कोड देऊन भागत नाही. तो कोणाच्या तरी ड्राइव्हकडे बोट दाखवतो, आणि दोन वर्षे न वापरलेले खाते गूगल बंद करू शकते. आपली माणसे बाईंच्या स्वतःच्या हाती द्यावीत, तिसऱ्याच्या खात्यात ठेवू नयेत.