बर्फ हेही पाणीच

परदेशी निघालेला रुग्ण आला की आपण कुटजघन वटी देतो आणि ‘सीलबंद पाणीच प्या’ असे बजावतो. माझ्या मते हा उपदेश अपुरा आहे, कारण त्यात बर्फाचा उल्लेख नसतो.

माझ्याकडील एक दांपत्य इजिप्तला गेले होते. दात घासण्यासही दोघांनी बाटलीतील पाणी वापरले. लक्सरच्या उन्हात पतीने बर्फ घातलेले ‘करकदे’, म्हणजे लाल अंबाडीच्या बोंडांचे पेय, घेतले. पत्नीने तेच गरम मागविले. बाकी आहार सारखाच होता. दुसऱ्या दिवशी पतीस सहा वेळा पातळ जुलाब झाले. पत्नी स्वस्थ राहिली. एका उदाहरणाने सिद्धांत ठरत नाही, परंतु कारण स्पष्ट आहे. गोठल्याने सर्व जंतू मरत नाहीत. बर्फ वितळताच ते पेयात उतरतात. म्हणून नंतर खडे काढून टाकणे व्यर्थ. मागवितानाच ‘बर्फ नको’ म्हणावे. पेयात मद्य असले तरी बर्फ निर्धोक होत नाही. नळाच्या पाण्याने धुतलेल्या कच्च्या कोशिंबिरीलाही हाच न्याय लागू. वाफाळते अन्न व स्वतः सोललेले फळ बरे.

आपले शृतशीत जल येथे उपयोगी आहे: पाणी खळखळून किमान एक मिनिट उकळावे व झाकून निववावे.

औषधविक्रेत्या बंधूंनी प्रवाशाला वटीसोबत जलसंजीवनीची पाकिटेही द्यावीत. मलात रक्त, तीव्र ज्वर किंवा मूत्राल्पता दिसल्यास मात्र वटीवर विसंबू नये. तेथील रुग्णालय गाठावे, हेही आपणच सांगितले पाहिजे.