एक कोटी व्हेक्टर आणि हरवलेली सहा उत्तरं

सध्या जो तो आपल्या कागदपत्रांवर ‘अर्थानुसार शोध’ बसवतोय. शब्द जुळले नाहीत तरी आशय जुळला की उत्तर मिळतं, म्हणून लोक खूश आहेत. पण यातला बहुतेक शोध मुळात अंदाजे असतो, आणि हे तो वापरणाऱ्याला सहसा कुणी सांगत नाही. माझ्या मते त्रास तिथेच सुरू होतो.

आधी हिशोब बघू. प्रत्येक परिच्छेदाचा 768 आकड्यांचा व्हेक्टर केला आणि एका आकड्याला 4 बाइट धरले, तर एका व्हेक्टरला 3,072 बाइट लागतात. असे एक कोटी परिच्छेद म्हणजे जवळपास 31 जीबी. सगळ्यात जवळचा व्हेक्टर खात्रीने शोधायचा तर हे सगळे 31 जीबी मेमरीतून एकदा वाचावे लागतात. मशीन सेकंदाला 20 जीबी वाचत असेल, तर एका प्रश्नाला दीड सेकंद. एकाच वेळी पन्नास माणसांनी वेगवेगळे प्रश्न विचारले की संपलंच! डेटाबेसच्या नेहमीच्या इंडेक्सचाही इथे उपयोग नाही. तो एका क्रमाने लावलेला असतो, आणि 768 दिशांना एकच क्रम कुठून आणायचा?

म्हणून थोडी अचूकता सोडून वेग घ्यायचा. पहिला मार्ग हॅशिंगचा. इंडिक आणि मोटवानी यांनी तो 1998 मध्ये मांडला. नेहमीचं हॅशिंग सारख्या गोष्टीही लांब फेकतं, इथे मात्र जवळच्या गोष्टी एकाच खणात पडाव्यात अशी योजना असते. पुढे रूढ झालेल्या एका प्रकारात यादृच्छिक 16 पातळ्यांनी अवकाश कापतात आणि व्हेक्टर प्रत्येक पातळीच्या कोणत्या बाजूला आहे, ते एका बिटात लिहितात. दोन व्हेक्टरांमध्ये 30 अंशांचा कोन असेल, तर एक बिट जुळण्याची शक्यता 6 पैकी 5. सोळाही बिट जुळण्याची शक्यता मात्र जेमतेम 5 टक्के! म्हणून असे 40 वेगळे तक्ते ठेवतात. मग त्यातल्या एकात तरी भेट होण्याची शक्यता 89 टक्क्यांवर जाते. खण समान भरले तर एक कोटीऐवजी सहा हजारांच्या आसपासच व्हेक्टर तपासावे लागतात. खरा डेटा मात्र समान पसरत नाही. काही खण तुडुंब भरतात, काही रिकामे राहतात.

त्यामुळे आज जास्त चलती आहे ती ग्राफची, विशेषतः मालकोव आणि याशुनिन यांच्या एचएनएसडब्ल्यूची. यात प्रत्येक व्हेक्टर आपल्या काही शेजाऱ्यांना जोडलेला असतो, आणि वर विरळ होत जाणारे थर असतात. फास्ट लोकलने दादर गाठायचं आणि तिथून स्लो पकडायची, तसंच. वरच्या थरात लांब उड्या, खालच्या थरात बारीक शोध. दरवेळी प्रश्नाच्या अधिक जवळ नेणाऱ्या शेजाऱ्याकडे जायचं. एकाच वाटेने गेलं तर चुकीच्या गल्लीत अडकायला होतं, म्हणून खालच्या थरात आतापर्यंतच्या चांगल्या उमेदवारांची एक यादी बाळगतात. तिची लांबी म्हणजे ef_search. ती वाढवली की अचूकता वाढते आणि वेळही.

आता खरी गोम. पोस्टग्रेसच्या pgvector मध्ये ही लांबी मुळात 40 असते. समजा तुम्ही ‘फक्त नाशिक जिल्ह्यातले’ असा फिल्टर लावून दहा उत्तरं मागितली, आणि नाशिकचे परिच्छेद एकूण साठ्याच्या 10 टक्के आहेत. एचएनएसडब्ल्यू इंडेक्स वापरला गेला, तर तो आधी 40 उमेदवार आणतो आणि फिल्टर नंतर लागतो. उरतात सरासरी चार. एरर येत नाही, पान झटकन उघडतं, आणि साठ्यात असलेली सहा उत्तरं गायब! वापरणाऱ्याला वाटतं, नाशिकचं एवढंच असेल.

0.8.0 आवृत्तीपासून `hnsw.iterative_scan` ही सोय आहे. उत्तरं कमी पडली तर ती पुढे शोधत राहते, पण तिलाही मर्यादा आहे: साधारण 20,000 नोंदी बघून झाल्या की थांबते. फिल्टर फारच दुर्मीळ असेल, तर त्या भागाचा वेगळा इंडेक्स केलेला बरा.

आपल्याकडे काय हरवतंय हे कसं कळणार? खऱ्या वापरातले शंभरेक प्रश्न, फिल्टरसकट, घ्या आणि इंडेक्स बंद करून चालवा:

```sql
BEGIN;
SET LOCAL enable_indexscan = off;
SELECT id FROM nirnay
WHERE jilha = 'Nashik'
ORDER BY embedding <=> $1 LIMIT 10;
COMMIT;
```

हे हळू चालेल, चालू द्या. ही खरी दहा उत्तरं. तोच प्रश्न इंडेक्ससह चालवून दहापैकी किती जुळतात ते मोजा. सरासरीवर मात्र जाऊ नका. मी सगळ्यात कमी जुळलेले प्रश्न आधी उघडून बघतो, कारण दहापैकी दोनच जुळलेला प्रश्न 95 टक्के सरासरीतही आरामात लपतो. आणि नवीन कागदपत्रांची मोठी भर पडली की ही मोजणी पुन्हा करावी लागते.