हजार पैजा, पाच टक्के

माझा एक माजी विद्यार्थी इंग्लंडमध्ये नोकरीला आहे. फुटबॉलच्या सामन्यांवर पैजा लावणे तिथे कायदेशीर आहे आणि बुकमेकरची दुकाने रस्त्यारस्त्यावर दिसतात. परवा फोनवर त्याने विचारले, "सर, माझा सहकारी म्हणतो, त्याचा यील्ड पाच टक्के आहे. म्हणजे तो किती कमावतो?"

यील्ड म्हणजे लावलेल्या एकूण रकमेवर सुटलेला निव्वळ नफा. तेव्हा आधी लेक्क मांडू या. समजा, तो दर वेळी 10 पौंड लावतो. हजार पैजांत 10,000 पौंडांची उलाढाल झाली. तिचे पाच टक्के म्हणजे 500 पौंड. एका पैजेमागे अर्धा पौंड. दिवसाला तीन पैजा धरल्या तरी यात जवळजवळ वर्ष जाते. प्रत्येक पैजेच्या अभ्यासाला अर्धा तास लागला, तर 500 तासांत 500 पौंड झाले. तासाला एक पौंड! तिथे एप्रिल 2025 पासून एकवीस वर्षांवरील कामगाराचे किमान वेतनच तासाला 12.21 पौंड होते.

बरे, हे 500 तरी नक्की का? तेही नाही. जिंकल्यास दहाला दहा मिळतात असा भाव धरा. पाच टक्के सुटायला हजारात 525 पैजा जिंकायच्या आणि 475 हरायच्या. सगळा नफा या पन्नासांच्या फरकात आहे. आता नशिबाचा हेलकावा पाहा. हजाराचे वर्गमूळ सुमारे 32. त्याला 10 पौंडांनी गुणले की 316 पौंड. म्हणजे खरोखर पाच टक्क्यांची हातोटी असलेल्याचा नफाही तीनांतल्या दोन वेळा साधारण 185 ते 815 च्या दरम्यान राहील. अशा शंभर जाणकारांपैकी पाच-सहा जण तर हजार पैजांनंतरही तोट्यातच असतील.

उलट बाजूही तितकीच खरी. याच भावाने नुसते नाणे उडवून पैजा लावणाऱ्या शंभर जणांपैकी सहाएक जणांना केवळ नशिबाने पाच टक्के किंवा जास्त यील्ड दिसेल. शंभरच पैजा झाल्या असतील, तर नफा 50 पौंड आणि हेलकावा 100 पौंड. त्यावरून काहीच कळत नाही. म्हणून "यील्ड किती?" याच्याआधी "पैजा किती?" हे विचारावे.

मग रक्कम दसपट केली तर? नफा 5,000 होईल, पण हेलकावाही 3,160 होईल. शिवाय सतत जिंकणाऱ्या गिऱ्हाइकाची पैजेची मर्यादा तिथले अनेक बुकमेकर काही पौंडांवर आणून ठेवतात.

आपल्याकडे पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये केला, म्हणून हा हिशेब इथे करून पाहण्यासाठी नाही. पण "पाच टक्के हमखास" म्हणून कोणी घरातल्या मुलाला पैसे मागितले, तर त्याच्यासमोर कागद ठेवून एवढे आकडे जरूर मांडावेत.